रक्त चढवताना पेशंटला दम लागला तर: ट्रॅली की टॅको, पलंगापाशी उभं राहून कसं ओळखायचं

वॉर्डात नवीन लागलेल्या इंटर्न आणि सिस्टर लोकांसाठी लिहितेय. रक्ताची पिशवी चालू असताना किंवा संपल्यावर काही तासांत पेशंट धापा टाकायला लागला, सॅच्युरेशन पडलं, दोन्ही फुफ्फुसांत क्रेप्स आले की दोन नावं डोक्यात यायलाच हवीत, ट्रॅली आणि टॅको. ट्रॅली म्हणजे ट्रान्सफ्यूजन रिलेटेड अॅक्यूट लंग इंज्युरी आणि टॅको म्हणजे ट्रान्सफ्यूजन असोसिएटेड सर्क्युलेटरी ओव्हरलोड. लांबून दोन्ही सारखीच दिसतात, दोन्हीत फुफ्फुसात पाणी भरतं, दोन्हीत एक्सरे पांढरा येतो, पण एकात लॅसिक्सने पेशंट वाचतो आणि दुसऱ्यात त्याच लॅसिक्सने बीपी अजून खाली जातं, म्हणून हा फरक पहिल्या अर्ध्या तासात कळायला हवा.

आधी आत काय होतं ते थोडक्यात, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या खुणा पाठ कराव्याच लागत नाहीत. टॅकोत टाकी काठोकाठ भरून वाहतेय असं समजा. हृदयाला पेलवेल त्यापेक्षा जास्त किंवा जास्त वेगाने रक्त आत गेलं, डाव्या बाजूला प्रेशर वाढलं आणि त्या प्रेशरने पाणी फुफ्फुसात ढकललं गेलं. ट्रॅलीत टाकी भरलेली नसते, टाकीलाच चिरा पडतात. दात्याच्या प्लाझ्मातल्या अँटिबॉडीज, बहुतेक वेळा एचएलए नाहीतर एचएनए विरुद्धच्या, पेशंटच्या पांढऱ्या पेशींना चिकटतात, त्या पेशी फुफ्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकून तिथली भिंत खराब करतात आणि प्रथिनांसकट पाणी बाहेर झिरपतं. म्हणजे टॅकोत रक्तवाहिन्यांत पाणी जास्त झालेलं असतं आणि ट्रॅलीत तेच पाणी रक्तवाहिन्यांतून निघून गेलेलं असतं. बीपी, मान, हृदयाचा आकार, सगळं याच एका गोष्टीवरून ठरतं.

आता एक केस सांगते, कारण मी स्वतः ह्यातच आधी चुकीच्या दिशेला गेले होते. ७२ वर्षांच्या आजी, वजन ४४ किलो, कित्येक महिन्यांचा अॅनिमिया, हिमोग्लोबिन ५.४. चढवायच्या आधी बीपी १३६/७८, पल्स ८८, सॅच्युरेशन साध्या हवेवर ९६, ताप नाही. पहिली पिशवी ३१० एमएलची, सव्वादोन तासांत संपली, आणि मध्ये न थांबता दुसरी लावली. साधारण ४० मिनिटांनी सिस्टरनी बोलावलं. आजी दोन्ही हात गादीवर टेकून पुढे वाकून बसल्या होत्या, आडवं व्हायलाच तयार नव्हत्या. मी विचारलं, "आजी, काय होतंय?" तर तुटक तुटक म्हणाल्या, "बाळा... आडवं झालं की... जीव घुसमटतो गं." श्वास मिनिटाला ३४, सॅच्युरेशन ८४, पल्स १२२, बीपी १८४/९२ आणि ताप १००.४. ताप बघून मी लगेच म्हटलं, ताप आहे म्हणजे ट्रॅली असणार. तिथेच माझं चुकलं, कसं ते पुढे सांगते.

पहिली पायरी, पिशवी थांबवा. रोलर क्लॅम्प बंद करून विचार करत बसायचं नाही, सेट काढून नवीन सेटने सलाइन अगदी हळू, लाइन उघडी राहील एवढंच. जुन्या सेटमधलं रक्त सलाइनने ढकलून आत घालवायचं नाही, ही चूक रात्रपाळीत सारखी होते. पिशवी, सेट, लेबल, काहीच टाकून द्यायचं नाही, ब्लड बँकेला लागतं. पेशंटला उठवून बसवा, ऑक्सिजन लावा. बीपी पडलेलं असेल तर मात्र उगाच ताठ बसवू नका, डोकं बेताने वर.

ह्याच वेळी पिशवीवरचा नंबर आणि पेशंटची ओळख पुन्हा जुळवून बघा. एक मिनिट जातं, पण गट चुकलेला असेल तर बाकीची सगळी चर्चा वायफळ ठरते. अंगावर गांधी आणि छातीत शिट्टी असेल तर अॅनाफिलॅक्सिसचा विचार, थंडी वाजून जोराचा ताप आणि शॉक असेल तर पिशवीत जंतू असण्याचा विचार, मग पेशंटचं आणि पिशवीचं दोन्हीचं ब्लड कल्चर पाठवायचं. हे बाजूला झालं की ट्रॅली आणि टॅकोकडे वळायचं.

दुसरी पायरी घड्याळ आणि चार्ट. ट्रॅली व्याख्येप्रमाणे ट्रान्सफ्यूजन सुरू असताना किंवा संपल्यावर ६ तासांत, आणि प्रत्यक्षात बहुतेक वेळा पहिल्या एकदोन तासांतच दिसतं. टॅकोला २०१८ च्या व्याख्येत १२ तासांपर्यंत वेळ दिलाय. म्हणजे संध्याकाळी पिशवी संपली आणि मध्यरात्री आठव्या तासाला दम लागला तर ट्रॅली जवळपास बाजूलाच पडतं. पण पहिल्या दोन तासांत काही झालं तर वेळेवरून काहीच ठरत नाही, दोन्ही असू शकतात. चार्टवरून मात्र खूप कळतं, फक्त नुसतं किती पिशव्या एवढं बघू नका, किलोमागे तासाला किती एमएल गेलं ते काढा. आजींची पहिली पिशवी तासाला साधारण १३८ एमएलने गेली, ४४ किलोला भागलं तर किलोमागे ३ एमएलपेक्षा थोडं जास्त. दुसऱ्या पिशवीचे ४० मिनिटांत १३० एमएल गेले होते, म्हणजे तासाला १९५, किलोमागे जवळपास साडेचार. जुन्या अॅनिमियाच्या, वय झालेल्या, कमी वजनाच्या पेशंटला किलोमागे तासाला १ एमएलच्या आसपास ठेवावं, आणि इथे त्याच्या चौपट वेग. वर दिवसभर सलाइन चालू होतं ते वेगळंच, २४ तासांचा हिशोब केला तर १४०० एमएल शिल्लक आत. हे गणित मी दम लागल्यावर केलं, पिशवी लावायच्या आधी करायला हवं होतं.

इथे एक गोष्ट नवीन लोकांना कोणी सांगत नाही. जुन्या अॅनिमियात शरीराने रक्ताचं प्रमाण प्लाझ्मा वाढवून आधीच भरून काढलेलं असतं, हृदय जोरात काम करतच असतं, त्यामुळे हिमोग्लोबिन ५ आहे म्हणजे आत जागा रिकामी आहे असं अजिबात नसतं. जखमेतून रक्त वाहून हिमोग्लोबिन ५ झालेला पेशंट आणि वर्षभर हळूहळू ५ वर आलेला पेशंट, आकडा सारखा असला तरी दुसऱ्याला दोन पिशव्या पाठोपाठ म्हणजे सरळ टॅकोला आमंत्रण.

तिसरी पायरी बीपी, आणि माझ्या मते पलंगापाशी सगळ्यात जास्त कामाला येणारी खूण हीच. आत्ताचं बीपी एकटं बघायचं नाही, ट्रान्सफ्यूजनच्या आधीच्या बीपीशेजारी ठेवून बघायचं. आजींचं १३६/७८ चं १८४/९२ झालं, पल्स प्रेशर म्हणजे वरच्या आणि खालच्या आकड्यातला फरक ५८ वरून ९२ वर गेला. वरचा आकडा चढतोय आणि फरक रुंदावतोय तर पारडं टॅकोकडे. ट्रॅलीत उलट, पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर गेलंय म्हणून बीपी बहुतेक वेळा पडतं. बहुतेक वेळा म्हणतेय कारण ट्रॅलीत सुरुवातीला घाबरून आणि ऑक्सिजन कमी पडून बीपी थोडा वेळ चढलेलं दिसू शकतं, आणि ज्याचं हृदयच फार अशक्त आहे त्याचं टॅकोत बीपी पडू शकतं. म्हणून दर ५ मिनिटांनी घ्या आणि कुठल्या दिशेला चाललंय ते बघा, एका रीडिंगवर ठरवू नका.

चौथी पायरी पेशंटला हात लावून बघणं. मानेच्या शिरा, पेशंटला ४५ अंशांत ठेवून. टॅकोत त्या फुगलेल्या, कधी कधी कानाच्या पाळीपर्यंत, ट्रॅलीत मान सपाट. स्टेथोस्कोपने तिसरा ठोका ऐकू आला तर टॅको, पण पल्स १२० असताना गोंगाटाच्या वॉर्डात तो ऐकू येईलच असं नाही, नाही आला तर त्यावर अडून बसू नका. पायावर, आणि झोपून असलेल्या पेशंटच्या पाठीवर कमरेजवळ, बोट दाबून खड्डा पडतो का बघा. क्रेप्स दोन्हीत असतात, ते ऐकून फरक कळत नाही. आजींच्या मानेच्या शिरा टरारून दिसत होत्या आणि कमरेवर बोट रुतत होतं, मी हे बघायच्या आधीच तापावरून मत बनवून बसले होते.

तर तापाचं सांगते. ताप म्हणजे ट्रॅली असं आम्ही सगळेच शिकलो, आणि ट्रॅलीत ताप असतो हे खरंही आहे, पण टॅकोच्या साधारण एक तृतीयांश पेशंटमध्येही ताप येतो. त्यामुळे ताप असला म्हणून टॅको कटत नाही. ताप, पडलेलं बीपी आणि सपाट मान हे तिन्ही एकत्र असेल तर गोष्ट वेगळी, एकट्या तापाला वजन देऊ नका. आजींना १००.४ होता आणि बाकी सगळं ओरडून टॅको सांगत होतं.

पाचवी पायरी एक्सरे आणि जमलं तर पलंगापाशी इको. एक्सरेत दोन्हीत दोन्ही बाजूंना पांढरे डाग असतात. बघायचं ते इतकंच, हृदय मोठं दिसतंय का, वरच्या भागातल्या रक्तवाहिन्या ठळक झाल्यात का, खालच्या कोपऱ्यात पाणी साठलंय का. हे सगळं असेल तर टॅको. हृदय नेहमीच्या आकाराचं आणि दोन्ही फुफ्फुसं कापूस भरल्यासारखी तर ट्रॅली जास्त शक्य. पण पोर्टेबल मशीनवर समोरून काढलेल्या एक्सरेत हृदय खोटंच मोठं दिसतं हे लक्षात ठेवा, आणि जुना एक्सरे असेल तर शेजारी धरूनच बघा. फुफ्फुसाच्या सोनोग्राफीत बी लाइन्स दोन्हीत दिसतात, त्या बघून खूश होऊ नका. इकोत डावं हृदय नीट दाबतंय का आणि आयव्हीसी फुगलेली आहे की श्वासाबरोबर पूर्ण मिटतेय हे बघितलं तर खूप मदत होते.

सहावी पायरी रक्त तपासण्या, त्यातही दोनच कामाच्या. एक बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी. नुसतं वाढलेलं असून उपयोग नाही, कारण म्हाताऱ्या किंवा किडनीच्या पेशंटमध्ये ते आधीपासूनच जास्त असतं, म्हणून आधीच्या लेव्हलच्या दीडपटीहून जास्त झालंय का ते बघायचं. आता कोणी म्हणेल आधीची लेव्हल आणायची कुठून, तर क्रॉसमॅचसाठी पाठवलेलं सँपल ब्लड बँकेत ठेवलेलं असतं, लॅबला विचारून त्यावरच एनटी-प्रोबीएनपी करून घेता येतं का ते बघा. आम्ही तेच केलं, आधीचं ११०० आणि नंतरचं ३९००, म्हणजे साडेतीनपट. दुसरी तपासणी साधी सीबीसी. ट्रॅलीत पांढऱ्या पेशी फुफ्फुसात अडकतात म्हणून रक्तातला काउंट थोड्या तासांसाठी एकदम पडू शकतो, पण लवकर पाठवली तरच सापडतो, आणि पडला नाही म्हणून ट्रॅली नाही असं म्हणता येत नाही.

सातवी पायरी औषध, आणि इथेच ठरवावं लागतं. आजींना बसवलं, ऑक्सिजन मास्क लावला, लॅसिक्स ४० मिलिग्रॅम शिरेतून दिलं, सीपॅपची तयारी ठेवली. तासाभरात ७०० एमएल लघवी झाली, बीपी १४८/८०, सॅच्युरेशन मास्कवर ९५, आणि आजी मागे टेकून बसल्या. एक्सरेत हृदय मोठं, खाली दोन्हीकडे थोडं पाणी. २०१८ च्या व्याख्येत श्वासाचा त्रास किंवा फुफ्फुसात पाणी यातलं निदान एक धरून एकूण तीन गोष्टी लागतात, बाकीच्या म्हणजे हृदय आणि बीपीतले बदल, पाणी जास्त झाल्याचा पुरावा आणि बीएनपीची वाढ. आजींकडे पाचही होत्या. तरी लॅसिक्सने बरं वाटलं हा एकटाच पुरावा धरून चालू नका, ऑक्सिजन आणि बसण्याच्या पोझिशननेही थोडा फरक पडलेला असतो.

आता दुसऱ्या बाजूची केस, म्हणजे फरक डोळ्यासमोर येईल. ३१ वर्षांचा माणूस, आदल्या दिवशी ऑपरेशन झालेलं, जखमेतून रक्त झिरपत होतं आणि रिपोर्टमध्ये रक्त गोठायला वेळ लागतोय म्हणून एफएफपी चालू केलेलं. दुसऱ्या पिशवीच्या मध्यावर, सुरुवातीपासून ५० मिनिटांनी, हुडहुडी भरली, ताप १०१.८, बीपी ११८/७४ वरून ८२/५०, सॅच्युरेशन ७८. खोकला काढला तर तोंडातून गुलाबीसर फेस, इतका की सक्शन लावून लावून कॅनिस्टरमध्ये थर जमला. मान सपाट. क्रेप्स ऐकून एका सहकाऱ्याने लॅसिक्स भरलंसुद्धा होतं, पण सिनियर सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, बीपी ८२ आहे, मान बघा आधी." ती सिरिंज बाजूला ठेवली गेली. इकोत डावं हृदय छान दाबत होतं, आयव्हीसी श्वासागणिक मिटत होती. एक्सरेत हृदय लहान, दोन्ही फुफ्फुसं पांढरी. काउंट सकाळी ९८०० होता तो ३१०० झाला.

ह्याला पाणी काढायचं नव्हतं, उलट २५० एमएलचा छोटा बोलस देऊन बीपी बघितलं, मग नॉरअॅड्रेनॅलिन लावलं, ट्यूब टाकली आणि व्हेंटिलेटरवर टायडल व्हॉल्यूम उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे ६ एमएल ठेवला. ताप आणि शॉक होता म्हणून कल्चर पाठवून अँटिबायोटिकही चालू केलं, कल्चर निगेटिव्ह आल्यावर बंद केलं. ट्रॅलीला खास असं औषध नाही, स्टेरॉइडचा सिद्ध झालेला फायदा नाही, फुफ्फुसाला आधार देत थांबायचं आणि बहुतेक पेशंट दोन ते चार दिवसांत सुधारतात. हा तिसऱ्या दिवशी व्हेंटिलेटरवरून निघाला.

पण प्रत्येक पेशंट इतका सरळ नसतो. सेप्सिसचा पेशंट, आधीच थोडा एआरडीएस, त्यात सहा पिशव्या गेलेल्या, बीपी औषधांवर, मान ट्यूबच्या बांधणीमुळे दिसतच नाही, अशा वेळी दोन्ही एकदम असू शकतात आणि वेगळं काढता येत नाही. २०१९ मध्ये व्याख्या बदलल्या तेव्हा हे मान्य केलं गेलं. एआरडीएसचा धोका नसेल तर ट्रॅली टाइप १. धोका असेल किंवा सौम्य एआरडीएस असेल, पण आधीचे १२ तास श्वास स्थिर असून ट्रान्सफ्यूजननंतर बिघडला, तर टाइप २. आणि दोन्ही वेगळे काढता येत नसतील तर ट्रॅली किंवा टॅको असं दोन्ही नावांनी लिहायची सोय आहे. तसं लिहिण्यात कमीपणा नाही, ओढूनताणून एक नाव लिहिण्यापेक्षा बरं. उपचार मग बीपी, इको आणि लघवी बघत, लॅसिक्स द्यायचंच तर छोट्या डोसने.

शेवटची पायरी ब्लड बँकेला कळवणं, आणि हे पेशंट स्थिर झाला की त्याच शिफ्टमध्ये. बरेच जण सकाळी बघू म्हणून सोडून देतात. ट्रॅलीचा संशय असेल तर त्याच दात्याच्या रक्तातून बनलेल्या बाकीच्या पिशव्या कुठल्यातरी फ्रीजमध्ये असतात आणि त्या दुसऱ्या पेशंटला लागायच्या आत अडवाव्या लागतात. दात्याच्या अँटिबॉडीजची तपासणी होते. गरोदरपणात बाळाच्या पेशींविरुद्ध अशा अँटिबॉडीज तयार होतात म्हणून जास्त बाळंतपणं झालेल्या दात्यांमध्ये त्या जास्त सापडतात, आमच्या केसमध्येही एका पिशवीची दात्री तशीच निघाली. ह्याच कारणासाठी ब्रिटनमध्ये २००३ च्या शेवटापासून एफएफपीसाठी शक्यतो पुरुष दाते वापरायला लागले आणि ट्रॅलीच्या केसेस कमी झाल्या. फॉर्मवर दम कधी लागला ती वेळ, तोपर्यंत गेलेले एमएल, आधीचं आणि नंतरचं बीपी, ताप, सॅच्युरेशन, २४ तासांचा पाण्याचा हिशोब आणि लॅसिक्सनंतरची लघवी एवढं लिहा, नुसतं "रिअॅक्शन आली" लिहिलं तर तिकडच्या डॉक्टरना काहीच ठरवता येत नाही.

टॅको असेल तर दात्याचा काही दोष नसतो, बदल आपल्याकडे करायचा असतो. आजींना उरलेलं रक्त लागणार होतंच, पण दोन दिवसांनी, एकच पिशवी, आधी वजन करून, सलाइन बंद ठेवून. तासाला ४४ एमएलने लावलं तर ४ तासांत १७६ एमएलच जातं, आणि पिशवी फ्रीजमधून काढल्यापासून ४ तासांच्या आत संपवावी लागते, म्हणून ब्लड बँकेला सांगून पिशवी दोन भागांत करून घेतली, एक सकाळी आणि एक संध्याकाळी. दर १५ मिनिटांनी पहिल्या तासात बीपी आणि श्वास, मग अर्ध्या तासाने. संध्याकाळचा भाग संपला तेव्हा बीपी १४०/८०, सॅच्युरेशन साध्या हवेवर ९६, आणि आजी उशीला टेकून झोपल्या होत्या.